परदेशातल्या अनोळखी संशोधकांना मेल कसा लिहावा?

प्रश्न: मी एम.एस्सी. बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कंदीलपुष्पाच्या परागीभवनावर प्रोजेक्ट चालू आहे. जर्मनीतल्या एका संशोधकांचं मार्गदर्शन हवंय, ओळख अजिबात नाही. मेल कसा लिहू?

उत्तर: आधी एकच प्रश्न ठरवा. ‘मार्गदर्शन करा’ एवढंच लिहिलं तर नेमकं काय द्यायचं तेच त्यांना कळत नाही, आणि मेल ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतो. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर त्यांच्या पेपरात मिळत नाही, पण त्यांना ते फोनवरून दोन ओळींत देता येईल. म्हणून त्यांच्या पेपरातला पद्धतींचा भाग आणि सोबतची पुरवणी नीट वाचून घ्या.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घेतो. कंदीलपुष्पात छोट्या माश्या अडकतात आणि काहींच्या सोंडेला परागपुंज चिकटतात. समजा तुम्हाला फुलांत ४० माश्या मिळाल्या आणि त्यातल्या तिघींवरच परागपुंज आहेत. मग इंग्रजीत साधारण असं लिहा:

> विषय: सेरोपेजियातल्या माश्यांच्या मोजणीबद्दल एक प्रश्न
>
> डिअर डॉ. (आडनाव),
>
> मी (विद्यापीठ) इथे एम.एस्सी. करते. तुमच्या (वर्ष) च्या पेपरातली पद्धत वापरून साताऱ्याजवळच्या सड्यावर फुलांतल्या ४० माश्या तपासल्या. तिघींवर परागपुंज आहेत. बाकीच्या बऱ्याच त्याच जातीच्या दिसतात. त्या तुम्ही परागवाहकांत मोजता, की नुसत्या भेट देणाऱ्यांत? एका शब्दात कळवलंत तरी पुरे. एखादा पेपर सुचवलात तरी मदत होईल.
>
> (पूर्ण नाव, विभाग, मार्गदर्शकांचं नाव)

विषयात ‘सेरोपेजिया’ लिहिलंय, कारण तिथे त्यांना फूल याच नावाने माहीत आहे. ‘रिस्पेक्टेड सर’ नको. नावावरून बाई की पुरुष याचा अंदाज चुकू शकतो, ‘डॉ.’ किंवा ‘प्रोफेसर’ आणि आडनाव यातच पुरेसा आदर आहे. त्यांचं कौतुक वेगळं करायची गरज नाही. पद्धत वापरून पाहिलीत, हे वाचूनच त्यांना बरं वाटेल.

बायोडेटा, प्रबंधाचा मसुदा असलं काही जोडू नका. फार तर सोंडेवरचा परागपुंज स्पष्ट दिसणारा एक लहान फोटो जोडा. आणि ‘नमुने पाठवू का?’ असं सहज विचारू नका. जैविक नमुने परदेशी पाठवायचे तर जैवविविधता कायदा, २००२ आड येतो, मंजुऱ्या घ्याव्या लागतात, आणि हे ठाऊक असलेला संशोधक अशा मेलला हात लावायला कचरतो. तो विषय आधी तुमच्या मार्गदर्शकांशी बोला.

पत्ता पेपरातल्या पत्रव्यवहाराच्या लेखकाचा घ्या, पण संस्थेच्या पानावर तपासा, कारण माणसं नोकरी बदलतात. एकाच लॅबमधल्या चौघांना तोच मेल धाडू नका. ते एकमेकांशी बोलतात.

ऑगस्टमध्ये तिकडे बरेच जण सुट्टीवर असतात. दोन आठवडे थांबून त्याच मेलखाली दोन ओळींची एक आठवण करा, प्रश्न पुन्हा लिहून. तरीही उत्तर नाही आलं तर त्याच पेपरच्या पहिल्या लेखकाला लिहा. बरेचदा तो पीएच.डी. करणारा असतो, आणि माश्या त्यानेच मोजलेल्या असतात.