कॅप्शनची पहिली ओळ: वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत गोंधळ एकच आहे: इन्स्टाग्रामवर कॅप्शन जिथे कापलं जाऊन `more` दिसतं, त्याच्या आधी काय लिहायचं. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत. नावं गाळली आहेत.

सर, पहिल्या 125 अक्षरांत सगळं बसवायचं असं एका कोर्समध्ये सांगितलं. मी मोजून 120 मध्ये बसवते, तरी वाक्य मधेच तुटतं. माझं काय चुकतंय?

तुमचं मोजणं बरोबर आहे, आकडा बिनकामाचा आहे. मेटाच्या जाहिरातदारांसाठीच्या सूचनांमध्ये हा 125 चा आकडा बरीच वर्षं होता. तो मुख्यतः रोमन लिपीतल्या मजकुराला धरून होता आणि तिथून तो कोर्सवाल्यांनी उचलला. प्रत्यक्षात ॲप अक्षरं मोजून कापत नाही, जागा पाहून कापतं. फीडमध्ये एक-दोन ओळी दिसतात, रीलवर जेमतेम एक. फीडमध्ये त्या ओळीच्या सुरुवातीला तुमच्या खात्याचं नावही बसतं. नाव लांबलचक असेल तर जागेचा मोठा वाटा त्यातच गेला.

त्यात देवनागरीची गंमत वेगळी. 'स्त्री' आपल्याला एकच अक्षर दिसतं, पण संगणक त्यात सहा चिन्हं मोजतो: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. 'गवत' मध्ये तो तीनच मोजतो. पडद्यावर मात्र 'गवत' जास्त जागा खातं. म्हणजे मोजणी निम्मी आणि रुंदी जास्त. म्हणून जोडाक्षरांनी भरलेलं वाक्य मोजणीत लांब असूनही ओळीत बसतं आणि साध्या अक्षरांचं वाक्य मोजणीत आखूड असूनही तुटतं.

तेव्हा मोजू नका, बघा. पोस्ट टाका, दुसऱ्या खात्यावरून उघडा आणि कुठे तुटतं ते पाहा. घरात कुणी ज्येष्ठ असतील तर त्यांच्या फोनवरही पाहा. त्यांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात आणि तिथे तुमची ओळ आणखी चार शब्द आधी संपते.

सुरुवातीला इमोजी टाकावेत का?

एखादा चालेल, पाच नकोत. ज्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो, त्यांना तुमच्या बातमीआधी पाच चित्रांची नावं ऐकावी लागतात.

हॅशटॅग सर्वांत वर टाकले तर पोस्ट जास्त लोकांपर्यंत जाते ना?

नाही, फक्त तुमची ओळ वाया जाते. ते शेवटी टाका.

मी डोंबिवलीत घरगुती फराळ करते. पोस्टला लाइक येतात, पण कमेंटमध्ये सगळे हेच विचारतात: ऑर्डर कधीपर्यंत, कुठे पोहोचवता? हे सगळं मी लिहिलेलं असतं हो! लोक वाचतच नाहीत.

ताई, लोकांना दोष देऊ नका. जे कॅप्शनमध्ये लिहिलं आहे तेच कमेंटमध्ये विचारलं जातं, तेव्हा ते कापलेल्या भागात पडलं आहे असं खुशाल समजा. याहून सोपी खूण नाही.

तुम्ही पाठवलेलं कॅप्शन असं सुरू होतं: 'नमस्कार मित्र-मैत्रिणींनो! आपणा सर्वांना येणाऱ्या दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा! दरवर्षीप्रमाणे याही वर्षी आपल्या आग्रहाखातर आम्ही घेऊन येत आहोत…' इथवर फीडमधली जागा संपली. चकली नाही, अनारसे नाहीत, तारीख नाही, गाव नाही. दिवाळीच्या आधी प्रत्येक दुकान हेच वाक्य लिहितं, त्यामुळे डोळा त्यावरून घसरतो. नमस्कार करायचा तर शेवटी करा, कुणी उद्धट म्हणणार नाही.

आता तुमच्याच पत्राच्या तळाशी जाऊ. तिथे तुम्ही सहज लिहून गेलात की अनारशाची ऑर्डर उशिरा घेता येत नाही, कारण तांदूळ तीन दिवस भिजवायचे, मग सावलीत सुकवून दळायचे, गूळ घालून पीठ आठवडाभर मुरवायचं. अहो, तुमची पहिली ओळ हीच! उशीर का चालणार नाही, याचं खरं कारण त्यात आहे. 'लवकर करा, मर्यादित साठा' असं खोटं घाबरवायची गरजच पडत नाही.

पहिला प्रयत्न असा होईल: 'अनारशाचं पीठ मुरायला आठवडा लागतो, म्हणून ऑर्डर रविवारपर्यंतच.' ओळ चांगली आहे, पण दोन दोष आहेत. कामाची गोष्ट शेवटी आहे, ती तुटेल. आणि 'रविवार' कोणता? पोस्ट एखाद्याला चार दिवसांनी दिसते, तेव्हा तो पुढचा रविवार धरतो आणि तुमच्याशी भांडतो. म्हणून असं करा: 'अनारशाची ऑर्डर 25 ऑक्टोबरपर्यंत. पीठ मुरायला आठवडा लागतो.' दुसऱ्या ओळीत 'डोंबिवली-ठाण्यात घरपोच', मग बाकीचा फराळ आणि भाव, मग नमस्कार नि शुभेच्छा.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. चौथ्या शब्दानंतर ओळीवर अंगठा ठेवायचा. 'अनारशाची ऑर्डर 25 ऑक्टोबरपर्यंत' एवढंच उरलं तरी ग्राहकाला पदार्थही कळला आणि तारीखही. तुमच्या जुन्या ओळीवर अंगठा ठेवलात तर 'नमस्कार मित्र-मैत्रिणींनो! आपणा सर्वांना' उरतं.

तारीख मात्र स्वतःच्या हिशेबाने ठरवा. पीठ तुम्ही दळणार, मी नाही.

499 रुपयांत 500 तयार 'हुक' मिळतात. घेऊ का? त्यात 'हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका', '90 टक्के लोक ही चूक करतात' असे आहेत.

नका घेऊ. तेच 500 हुक आणखी हजारोंनी घेतलेत. शिवाय ते 90 टक्के कुणी मोजले? तुम्ही नाही, विकणाऱ्यानेही नाही.

कोड्यात ठेवणाऱ्या ओळीने बोट `more` वर जातं, हे खरं. पण आत काही सापडलं नाही तर तो माणूस पुढच्या वेळी थांबत नाही. फेसबुकने तर 2016 पासून माहिती मुद्दाम लपवणारे मथळे खाली ढकलायला सुरुवात केली आणि 2017 च्या डिसेंबरात 'लाइक करा, टॅग करा, कमेंट करा' अशी भीक मागणाऱ्या पोस्टही त्यात घेतल्या. ज्यांनी हे हुक तयार केले त्यांना हे ठाऊक असतं, विकताना सांगत नाहीत इतकंच.

माझ्या खजुराच्या लाडवांसाठी 'मधुमेहींनीही बिनधास्त खावेत' अशी पहिली ओळ सुचली आहे. एका ग्राहकाची साखर खरंच कमी झाली म्हणतात.

ही ओळ लिहू नका. एका ग्राहकाचं 'म्हणतात' हा पुरावा नाही आणि खजुरातही साखर असतेच. मधुमेह बरा होतो असं सुचवणारी जाहिरात 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यात बसते. अन्नपदार्थांच्या दाव्यांसाठी अन्नसुरक्षेचं काम पाहणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी प्राधिकरणाचे 2018 चे नियम वेगळे आहेत. 'साखर किंवा गूळ न घालता, फक्त खजूर, बदाम आणि तूप' हे खरं असेल तर लिहा, ओळ तीही चांगलीच आहे. त्यापलीकडे एक शब्द लिहायचा असेल तर आधी आहारतज्ज्ञाला विचारा, मग अन्न परवान्याचं काम पाहणाऱ्या सल्लागाराला.

मी त्वचेच्या उत्पादनांवर रील करते. एका कंपनीने पैसे दिलेत आणि सांगितलंय की 'जाहिरात' हा शब्द शेवटी हॅशटॅगमध्ये टाका, पहिल्या ओळीत टाकला तर पोहोच पडते. हुक आणि तो शब्द एकत्र कसा बसवू?

हे पत्र आधी वाचलं आणि चहा थंड झाला. चार वर्षांपूर्वी एका एजन्सीने मलाही हेच सांगितलं होतं. वर पाच टिंबांच्या रिकाम्या ओळी सोडायच्या आणि त्याखाली हळूच `#ad`. मी ते काम सोडलं. पैसे बुडाले, पण झोप लागली.

नीट समजून घ्या. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या जाहिरात क्षेत्राच्याच स्वनियामक संस्थेची इन्फ्लुएन्सरांसाठीची तत्त्वं 2021 च्या जूनपासून लागू आहेत. त्यांचा गाभा इतकाच की जाहिरात आहे हे वाचकाच्या नजरेतून सुटू नये. `more` दाबल्यावर दिसणारी किंवा हॅशटॅगच्या गर्दीत पुरलेली सूचना ही सूचना धरली जात नाही. म्हणजे कॅप्शन जिथे तुटतं ती जागा तुमच्यासाठी फक्त सजावटीची नाही, ती नियमाची रेषा आहे. फुकट मिळालेली बाटलीसुद्धा सांगावी लागते, पैसेच हवेत असं नाही.

त्यावर सरकार आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्या व्यक्तीला एक वर्ष, पुन्हा केल्यास तीन वर्षं जाहिरातींपासून लांब ठेवू शकतं. नोटीस आली तर 'कंपनीने सांगितलं होतं' हे उत्तर पुरणार नाही.

इन्स्टाग्रामची भागीदारीची पट्टी लावली की भागलं, असंही अनेकजण सांगतात. ती लावा, पण ती तुमच्या शब्दाच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. शब्दही मराठीत हवा: रील मराठीत आणि सूचना इंग्रजी संक्षेपात, हे वाचकाला कळण्यासाठी नसतं.

आता बसवायचं कसं. तुमची ओळ होती: 'उन्हाळ्यात चेहरा काळवंडतोय? माझं गुपित ऐका!' तिच्या जागी असं वाचून पाहा: 'जाहिरात: हे सनस्क्रीन 20 दिवस लावलं, घामाबरोबर डोळ्यांत उतरतं.' हुक तो एक शब्द मारत नाही, त्यानंतरचं गुळमुळीत बोलणं मारतं. पैसे घेऊनही दोष सांगणारी बाई सहसा दिसत नाही, म्हणून वाचणारा थांबतो. दोष अर्थातच खरा हवा, रचलेला नको.

कंपनी हे वाक्य मंजूर करणार नाही असं वाटतं? शक्य आहे. मग दोष गाळा, पण 'जाहिरात' हा शब्द हलवू नका. करारात 'मजकुराची जागा कंपनी ठरवेल' असं कलम असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. सही झाली असेल तर आजच दाखवा आणि कंपनीला ईमेलवर लेखी विचारा. फोनवर 'हो हो, करा' म्हणणारे नंतर ओळख दाखवत नाहीत.

पोस्ट टाकल्यावर पहिली ओळ बदलली तर अल्गोरिदम शिक्षा करतं असं ऐकलंय. म्हणून गेल्या जूनमधल्या क्लासच्या पोस्टमधली चुकीची फी तशीच ठेवली आहे.

असं कुणाकडून ऐकलंत ते विचारत नाही. पोस्टवरच्या तीन टिंबांवर बोट ठेवा, `Edit` दाबा आणि फी आज दुरुस्त करा. जून गेला, दिवाळी आली, इतके दिवस पालक चुकीची फी वाचताहेत. जुन्या फीवर कुणाचा प्रवेश घेतला असेल, तर फरक मागण्याआधी तुमच्या हिशेबनीसाशी बोला.