डीबीएस: ऑपरेशनआधीची चाचणी आणि नंतरचे सहा महिने

प्रश्न: सासऱ्यांना (वय ६३) अकरा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. डॉक्टरांनी डीबीएस, म्हणजे मेंदूत तार बसवून सूक्ष्म विद्युतस्पंद देण्याचं ऑपरेशन, सुचवलंय. ऑपरेशननंतर ते पूर्वीसारखे चालतील का? गोळ्या बंद होतील का? आम्ही डोंबिवलीत राहतो, परळच्या हॉस्पिटलला किती खेपा पडतील?

गोळ्या बहुधा बंद होत नाहीत, कमी होतात. चालण्याबद्दलचं उत्तर मात्र ऑपरेशनआधीच बरंचसं कळू शकतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

लेवोडोपा चॅलेंज ही चाचणी झाली आहे का ते विचारा. आदल्या रात्रीपासून, साधारण बारा तास, पार्किन्सन्सच्या गोळ्या बंद ठेवतात आणि सकाळी कडकपणा, कंप, हालचालींचा वेग, चालणं यांना गुण देतात. गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. मग लेवोडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, गोळी देऊन ती पूर्ण चढली की पुन्हा मोजतात. समजा गोळीविना ४८ आणि गोळीनंतर २० आले, तर सुधारणा सुमारे ५८ टक्के. साधारण ३० टक्क्यांच्या वर असेल तर डीबीएसचा विचार होतो. ५८ म्हणजे चांगलंच. गोळी जे सुधारते तेच डीबीएस सुधारतं, फक्त दिवसभर, चढउताराविना. कंप हा एक अपवाद: गोळीला दाद न देणारा कंपही यात कमी होऊ शकतो. पण गोळी पूर्ण चढलेली असतानाही सासऱ्यांचे पाय दारात जमिनीला चिकटत असतील, तोल जात असेल किंवा बोलणं पुटपुटल्यासारखं येत असेल, तर ते ऑपरेशनने सहसा सुधारत नाही. बोलणं कधीकधी बिघडतंही. स्मरणशक्ती आणि मूड यांचीही तपासणी होते. ती उरकून टाकायची औपचारिकता नाही, कारण स्मृतिभ्रंश सुरू झाला असेल तर ऑपरेशनने गोंधळ वाढू शकतो.

डीबीएसने आजार बरा होत नाही, त्याची वाढही थांबत नाही. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस या छोट्या भागातल्या पेशी एका बेसूर लयीत अडकतात. तिथे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची तार बसवतात. ती सेकंदाला साधारण १३० वेळा सूक्ष्म विद्युतस्पंद देऊन ती लय मोडते. तार त्वचेखालून गळ्याखालच्या हाडापाशी बसवलेल्या बॅटरीपर्यंत जाते. तार बसवताना अनेक ठिकाणी रुग्णाला जागं ठेवतात, कारण हात सैल पडला की जागा बरोबर असल्याचं तिथल्या तिथे दिसतं. मेंदूला वेदना कळत नाही. त्रास होतो तो डोक्याला बसवलेल्या फ्रेमचा आणि गोळीविना तासन्‌तास पडून राहण्याचा. धोक्यांमध्ये मेंदूतला रक्तस्राव (शंभरात एक-दोघांना) आणि तार किंवा बॅटरीच्या जागी जंतुसंसर्ग. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. कधी थांबवायच्या ते हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ठरतं.

आता सगळ्यात जास्त गैरसमज होतो ती गोष्ट. ऑपरेशननंतर मशीन सुरू नसतानाच बरेच रुग्ण एकदम मोकळे होतात. तार जाताना आजूबाजूला आलेल्या सुजेचा तो परिणाम असतो. दोन-तीन आठवड्यांत त्रास परततो आणि घरचे म्हणतात, "ऑपरेशन फसलं!" फसलेलं नसतं, खरं काम अजून सुरूच व्हायचं असतं.

पहिलं प्रोग्रॅमिंग, म्हणजे मशीन सुरू करून करंट जुळवणं, बहुतेक ठिकाणी ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी, सकाळची गोळी न घेता होतं. तारेच्या टोकाशी असलेल्या एकेका संपर्कबिंदूवर करंट हळूहळू वाढवत नेतात. समजा एका बिंदूवर २ मिलिअँपिअरला मनगटाचा कडकपणा गेला आणि ३.५ ला तोंड एका बाजूला ओढलं गेलं, म्हणजे करंट शेजारच्या नसांच्या जुडग्यात सांडला. काम करायला जागा मिळाली ती या दोन आकड्यांच्या मधली. ही फट दीडऐवजी अर्ध्याचीच असेल तर तारेची जागा तपासावी लागते. कंप बऱ्याचदा सेकंदांत थांबतो, कडकपणा मिनिटांत सैलावतो, पण चालण्यातला फरक कळायला तास-दिवस लागतात. म्हणून एका खेपेत सगळं जुळत नाही. पहिल्या तीन-सहा महिन्यांत बऱ्याच खेपा धरून चला. गोळी न घेता गर्दीच्या वेळेची लोकल नकोच. गाडी करा किंवा आदल्या रात्री परळजवळ मुक्काम करा.

गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी होतात, अनेकांच्या तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने. घाईने कमी केल्या तर माणूस हलतो छान, पण कशातच रस घेत नाही, दिवसभर गप्प बसतो. हे म्हातारपण समजू नका, डॉक्टरांना सांगा. उलट बाजूने भलताच उत्साह, बेफाम खर्च दिसला तरी सांगा.

घरी सांभाळायची मुख्य गोष्ट म्हणजे शेक. खांदा दुखला म्हणून कोपऱ्यावरच्या फिजिओकडे गेलात आणि त्याने डायथर्मीचं, म्हणजे विद्युतलहरींनी आतून शेक देणारं, मशीन लावलं, तर तारेचं टोक तापून मेंदूला गंभीर, जीवघेणी इजा होऊ शकते. गरम पाण्याची पिशवी चालेल, डायथर्मी कुठल्याही अवयवावर नको. एमआरआय मॉडेलनुसार आणि सेटिंग बदलूनच होतो, म्हणून उपकरणाचं कार्ड त्यांच्या पाकिटात कायम असू द्या. न रिचार्ज होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. ती अचानक संपली तर जुना कडकपणा काही तासांत परत येतो, गिळणंही अवघड होऊ शकतं. अशा वेळी सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.