स्प्रिंटने नेमकं काय बदलतं?

प्रश्न: आमच्या टीमचा आधी आठ-नऊ महिन्यांचा एक प्लॅन असायचा. आता मॅनेजर म्हणतात दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट करायचे, म्हणजे दर वेळी थोडंच काम घेऊन ते तेवढ्या वेळात पूर्ण करायचं. काम तेच, माणसं तीच, मग फरक काय पडतो? मला तर नुसत्या मीटिंगा वाढल्यासारख्या वाटतात.

उत्तर:

फरक पडतो तो एका गोष्टीत: आपण मागे पडलोय किंवा भलतंच बनवतोय, हे आपल्याला कधी कळतं. स्प्रिंट केल्याने कुणाचा टायपिंगचा वेग वाढत नाही आणि बगही आपोआप कमी होत नाहीत.

समजा, तुमची टीम एका पतसंस्थेसाठी कर्जाचं सॉफ्टवेअर करतेय. लांबच्या प्लॅनमध्ये पहिले दोन महिने रिक्वायरमेंट गोळा करण्यात जातात. जाडजूड डॉक्युमेंट तयार होतं आणि संस्थेचे सचिव त्यावर सही करतात. (ते अख्खं वाचून सही करणारे सचिव मी तरी पाहिलेले नाहीत. त्यात त्यांचाही काही दोष नाही, पडद्यावर काहीच दिसत नसताना नुसत्या पानांवरून कुणाला काय कळणार?) मग महिनाभर डिझाइन, तीन-चार महिने कोडिंग, नंतर टेस्टिंग आणि सगळ्यात शेवटी यूएटी, म्हणजे ग्राहकाच्या माणसांनी स्वतः वापरून बघायची चाचणी. त्या डॉक्युमेंटमध्ये कुठेतरी एक ओळ असते, ‘प्रत्येक कर्जाचं मासिक हप्त्यांचं वेळापत्रक तयार होईल’. आठव्या महिन्यात कर्ज विभागाचे क्लार्क यूएटीला बसतात, सोनेतारणाची एक केस टाकतात, बारा हप्त्यांचा तक्ता बघतात आणि विचारतात, “हे हप्ते कसले? आमच्याकडे सोनेतारणवाला हप्ते भरतच नाही. मुदतीला येतो, व्याज भरतो आणि नूतनीकरण करून जातो.”

प्रश्न साधा आहे, पण तोपर्यंत व्याजाची आकारणी, थकबाकीची यादी, पावत्या, रिपोर्ट असं सगळं त्या हप्त्यांच्या टेबलावर उभं राहिलेलं असतं. मग चेंज रिक्वेस्ट निघते, तिचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद होतो, सही दाखवली जाते आणि तारीख पुढे जाते. कुणी कामचुकारपणा केलेला नसतो. चूक दुसऱ्या महिन्यात झाली आणि तिला दिसायची संधी आठव्या महिन्यात मिळाली, एवढंच.

हेच काम स्प्रिंटमध्ये करायचं तर पहिल्या दोन आठवड्यांत एकच अरुंद पट्टी घ्यायची: एक सभासद, एक सोनेतारण कर्ज, दागिन्यांच्या मूल्यांकनापासून खातं बंद होईपर्यंत. दंडव्याज नाही, सवलत नाही, रिपोर्ट नाहीत. पण जेवढं आहे तेवढं खरंच चालतं. स्प्रिंट संपताना रिव्ह्यूला त्याच क्लार्कना बोलवायचं आणि माउस त्यांच्या हातात द्यायचा. ते तोच प्रश्न विचारतील, पण आता एक टेबल आणि दोन स्क्रीन बदलून भागतं.

बहुतेक टीम इथेच घसरतात. पहिल्या स्प्रिंटमध्ये डेटाबेस, दुसऱ्यात एपीआय, तिसऱ्यात स्क्रीन अशी वाटणी केली तर पहिले दोन रिव्ह्यू म्हणजे टेबलांची नावं आणि स्लाइड. क्लार्क त्यावर काय बोलणार? असे स्प्रिंट म्हणजे जुनाच प्लॅन, दर पंधरवड्याला कापलेला. तुमच्याकडे नुसत्या मीटिंगा वाढल्यासारखं वाटत असेल, तर आधी हे तपासा.

आता तारखेकडे येऊ, कारण मॅनेजरला त्यातच रस असतो. समजा, कामाचे छोटे तुकडे, म्हणजे स्टोरी पाडल्या, प्रत्येकीला किती मेहनत लागेल याचा टीमने पॉइंटांत अंदाज केला, तो सगळा मिळून 240 पॉइंट झाला आणि ग्राहकाला 20 आठवड्यांत काम पूर्ण करून द्यायचं आहे. म्हणजे 10 स्प्रिंट, दर स्प्रिंटला 24 पॉइंट. पहिल्या तीन स्प्रिंटमध्ये प्रत्यक्षात पूर्ण झाले 14, 18 आणि 16. एकूण 48, सरासरी 16. उरले 192, त्यांना अजून 12 स्प्रिंट लागतील. म्हणजे सगळं मिळून 30 आठवडे. सहाव्या आठवड्यातच हे गणित कागदावर येतं. तारीख हलवायची नसेल तर उरलेल्या 7 स्प्रिंटमध्ये 112 पॉइंट होतील, म्हणजे 80 पॉइंटांचं काम यादीतून काढावं लागेल. कुठलं काढायचं हे कामाचा क्रम ठरवणाऱ्या प्रॉडक्ट ओनरने ग्राहकाशी बसून ठरवायचं, आणि हाताशी 14 आठवडे असताना ही चर्चा शांतपणे होऊ शकते.

लांबच्या प्लॅनमध्ये सहाव्या आठवड्याचा स्टेटस रिपोर्ट म्हणतो, ‘रिक्वायरमेंट 90 टक्के पूर्ण’, आणि रंग हिरवा. ते खोटंही नसतं, पण त्यावरून तारखेबद्दल काहीच कळत नाही. म्हणूनच स्प्रिंटमधला एक नियम कडक पाळावा लागतो: अर्धवट स्टोरीला शून्य पॉइंट. ‘कोड झालाय, टेस्टिंग बाकी आहे’ यालाही शून्य. नव्या लोकांना हे जाचक वाटतं, पण अर्धे पॉइंट द्यायला सुरुवात झाली की वरचं गणित त्याच दिवशी निकामी होतं. तसंच वरून दबाव आला की टीम तीनच्या स्टोरीला पाच लिहायला लागते. आलेख चढतो, काम तेवढंच राहतं. दोन टीमच्या पॉइंटांची तुलना करणारा मॅनेजर हा रोग स्वतःच्या हाताने पसरवतो.

एक खरं प्रकरण सांगतो, त्याचे सरकारी तपासणी अहवाल जाहीर आहेत. अमेरिकेच्या एफबीआयला तपासाच्या कागदी फायली संगणकावर आणायच्या होत्या. त्यासाठीचा पहिला प्रकल्प 2005 मध्ये सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून गुंडाळला गेला. मग 2006 मध्ये ‘सेंटिनेल’ नावाने नवा प्रकल्प लॉकहीड मार्टिन कंपनीला दिला. चार टप्पे, डिसेंबर 2009 पर्यंत पूर्ण, असा बांधीव प्लॅन होता. ऑगस्ट 2010 उजाडला तेव्हा मंजूर 45.1 कोटी डॉलरपैकी 40.5 कोटी संपले होते आणि वापरणाऱ्यांच्या हातात चारपैकी दोनच टप्पे पडले होते, तेही तुलनेने सोपे. बाहेरच्या तज्ज्ञांचा अंदाज होता की असंच चालू ठेवलं तर अजून किमान 35 कोटी डॉलर आणि सहा वर्षं लागतील.

एफबीआयने काम थांबवलं, सूत्रं स्वतःकडे घेतली, कंत्राटदाराची माणसं बरीच कमी केली आणि उरलेलं सगळं काम 670 स्टोरींमध्ये मांडून दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी चालतं सॉफ्टवेअर दाखवायचं. अखेर 1 जुलै 2012 ला सेंटिनेल संपूर्ण एफबीआयमध्ये सुरू झालं, मंजूर खर्चाच्या आत.

अ‍ॅजाइलचे म्हणजे स्प्रिंटने काम करायच्या पद्धतीचे प्रचारक गोष्ट इथेच संपवतात. मला यातला पुढचा भाग जास्त शिकवणारा वाटतो. स्प्रिंट सुरू करताना ठरवलेली मुदत होती सप्टेंबर 2011. तीही चुकली, एकदा नव्हे, अनेकदा पुढे गेली. ऑक्टोबर 2011 मध्ये पुष्कळ लोकांना एकदम सिस्टिमवर बसवून चाचणी घेतली, तेव्हा ती दोनदा बंद पडली. काही वर्षांपूर्वी घेतलेलं हार्डवेअर हा भार पेलू शकत नव्हतं आणि नवं घ्यावं लागलं. एकेका स्टोरीचा डेमो पाहून हे कळलंच नसतं, कारण डेमोला चार माणसं असतात. भार, सुरक्षा, जुन्या डेटाचं स्थलांतर या गोष्टी एका स्टोरीत मावत नाहीत, म्हणून त्या मागे पडत जातात. स्प्रिंट आपल्याला लवकर जागं करतात ते ज्या गोष्टी आपण स्प्रिंटमध्ये घेतल्या त्यांच्याबद्दलच. पतसंस्थेच्या उदाहरणात पंचवीस शाखा एकाच वेळी दिवसअखेर करतील तेव्हा काय होईल, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या स्प्रिंटमध्येच खऱ्याइतक्या डेटावर तपासायला हवा.

मीटिंगांचा हिशोबही करून टाकू. स्प्रिंट चालवायच्या स्क्रम या प्रचलित पद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत एका महिन्याच्या स्प्रिंटसाठी प्लॅनिंगला जास्तीत जास्त 8 तास, रिव्ह्यूला 4, कामाच्या पद्धतीचा आढावा घेणाऱ्या रेट्रोला 3 आणि रोजच्या स्टँडअपला 15 मिनिटं आहेत. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला साधारण निम्मे धरले तर सगळं मिळून दहा तास होतात, म्हणजे 80 कामाच्या तासांतला आठवा भाग, आणि ही वरची मर्यादा झाली. तुमच्याकडे यापेक्षा बराच जास्त वेळ जात असेल तर बहुधा स्टँडअपमध्ये मॅनेजर एकेकाची हजेरी घेतोय, किंवा प्लॅनिंगला येईपर्यंत स्टोरी कुणी धड वाचलेलीच नसते.

लांबचा प्लॅन सरसकट वाईट असतो असं मी म्हणणार नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला तेव्हा बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी तारीख सरकारने ठरवलेली होती आणि काय करायचं तेही कायद्याने. अशा वेळी शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत प्लॅन आखावाच लागतो. त्याच्या आत स्प्रिंट चालवता येतात, पण ‘हे यादीतून काढू’ ही सोय फारशी राहत नाही. बँकेच्या दुसऱ्या सिस्टिमशी जोडणी, सर्व्हरची खरेदी, बाहेरचं सिक्युरिटी ऑडिट, यांच्या तारखाही आपल्या पंधरवड्यावर चालत नाहीत.

आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्यांची खरी अडचण बहुतेकदा करारात असते. करार फिक्स्ड प्राइस, यादी जोडपत्रात गोठवलेली, आणि टीमला सांगतात अ‍ॅजाइल करा. मग क्लार्कने दुसऱ्या आठवड्यात सांगितलेला बदलही चेंज रिक्वेस्टच ठरतो आणि लवकर कळल्याचा निम्मा फायदा तिथेच जातो. यावर एक तोडगा चालताना पाहिलाय: रक्कम आणि तारीख पक्की ठेवायची, पण करारात लिहून घ्यायचं की अजून सुरू न झालेली स्टोरी ग्राहक तेवढ्याच पॉइंटांच्या दुसऱ्या स्टोरीशी बदलून घेऊ शकतो. सोनेतारणाचं नूतनीकरण आत येतं, एखादा कुणी न वापरणारा रिपोर्ट बाहेर जातो आणि कुणाला सही दाखवावी लागत नाही. तुमच्या करारात असं काही आहे का, ते मॅनेजरना विचारा. नसेल तर तुमच्या स्प्रिंटमधून तारखेचा अंदाज लवकर मिळेल, पण काम बदलायची मोकळीक मिळणार नाही.