बोललेलं ऐकताना गोड, टाइप केलं की गबाळं: असं का होतं?

प्रश्न: आमचे आजोबा गुळव्या होते, गुऱ्हाळावर गूळ करायचे. त्यांच्या गप्पा मोबाईलवर रेकॉर्ड केल्या आणि शब्दन् शब्द टाइप केला. ऐकताना झकास वाटतं, वाचताना नुसता गोंधळ. चूक बोलण्यात आहे की माझ्या टायपिंगमध्ये?

उत्तर: चूक दोन्हीकडं नाही. मी कोल्हापूर भागातल्या जुन्या कारागिरांच्या मुलाखती उतरवून काढतो. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरचा तुकडा माझ्याकडं आहे, त्यावरच सांगतो.

"म्हणजे कसं, काहिलीत रस... रस घातला की न्हाई, आदी जाळ ल्हान ठेवायचा. म्हणजे मळी, वर येती की मळी ती, भेंडीचं पानी टाकलं की, ती काडायची. (मी: हं हं.) मग जाळ."

पुस्तकात हेच असं येईल: "काहिलीत रस घातल्यावर सुरुवातीला जाळ लहान ठेवतात. भेंडीचे पाणी टाकल्यावर वर येणारी मळी काढून घेतात आणि मग जाळ वाढवतात."

गुळव्यानं "म्हणजे मळी" म्हणून वाक्य सुरू केलं, तेव्हा मला मळी म्हणजे काय ते कळलेलं नाही हे त्यांना तोंडावरनंच दिसलं असणार. म्हणून तिथंच थांबून "वर येती की मळी ती" अशी ओळख करून दिली. मग ती कशानं वर येते ते आठवलं, ते जोडलं, आणि शेवटी क्रियापद आलं. लिहिणारा हे सगळं "वर येणारी" या एका विशेषणात बसवतो, कारण त्याला वाक्याचा शेवट आधीच ठाऊक असतो. बोलणाऱ्याला तेवढी उसंत नसते. बाहेर पडलेला शब्द परत घेता येत नाही, म्हणून दुरुस्तीही पुढं जोडूनच करावी लागते.

ही उसंत किती कमी असते ते मोजलेलं आहे. वेगवेगळ्या खंडांतल्या दहा भाषांच्या संभाषणांचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर त्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. उलट, चित्र बघून त्याचं नुसतं नाव उच्चारायलाच साधारण सहा दशांश सेकंद लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवायला लागतो आणि ते पुरतं जुळायच्या आत तोंड उघडतो. "म्हणजे कसं" हे त्या वेळी कामाला येतं: बोलायची पाळी आपल्याकडं राहते आणि विचाराला क्षणभर मिळतो.

आता "रस... रस". अडखळलेच म्हणायचं, पण चार्ल्स गुडविन या अमेरिकन संशोधकानं व्हिडिओ बारकाईनं बघून दाखवलं, की ऐकणाऱ्याची नजर दुसरीकडं असली की बोलणारा पुष्कळदा वाक्य अर्ध्यात तोडून पुन्हा सुरू करतो, आणि नजर वळली की पुरं करतो. मी त्या वेळी माईक नीट करत होतो, तेव्हा इथंही तेच झालं असावं. "की न्हाई" ऐकणाऱ्याला धरून ठेवतं, माझं "हं हं" पुढं चला सांगतं. कागद वाचणाऱ्याला असं धरून ठेवायची गरजच नसते, म्हणून त्याला हे शब्द केरासारखे वाटतात.

आणि "मग जाळ"? ते वाक्य पुरं आहे. त्यांनी हात खालनं वर नेला, आवाज चढवला. क्रियापद हातात होतं, ते टाइप होत नाही. स्वल्पविराम आणि पूर्णविरामही आपणच घातलेले असतात. बोलण्यात असतो तो श्वास आणि सूर. तो सूर गेला की कुठला तुकडा कुणाला जोडायचा हे वाचणाऱ्याला कळत नाही. तुमचा गोंधळ बहुतेक इथलाच आहे.

तेव्हा मूळ टायपिंग तसंच ठेवा आणि वाचण्यासाठी दुसरी प्रत करा. तिच्यातनं "रस... रस" आणि तुमचे हुंकार खुशाल काढा. पण प्रत्येक "म्हणजे" ला सरसकट कात्री लावू नका. "दोन तास, म्हणजे अडीच बी लागतात" यातला "म्हणजे" काढून "अडीच तास" केलंत, तर आजोबांचा अंदाज तुम्ही ठाम आकडा करून टाकलात. "बहुतेक", "असंल", "काय की" यांचंही तसंच.

बोलीही सुधारू नका. आमच्याकडं बायका "मी आलो, मी जातो" म्हणतात. आजीचं बोलणं घेतलं असेल आणि कुणी ते "आले, जाते" करून दिलं, तर ते परत फिरवा. हाताच्या खुणा मात्र आजोबांना विचारून आत्ताच चौकटी कंसात लिहून ठेवा: मग जाळ [हात वर नेत]. वर्षभरानं रेकॉर्डिंग ऐकून त्या सापडणार नाहीत.