उमामी म्हणजे नेमकी कोणती चव?

प्रश्न: "उमामी ही पाचवी चव म्हणतात, पण ती लागते कशी? घरच्या स्वयंपाकात ओळखायची कशी?"

मटणाच्या रश्श्याचा घोट गिळल्यावरही जिभेवर रेंगाळणारी, तोंडाला पाणी सुटवणारी भरीव चव म्हणजे उमामी. ती गोड, आंबट, खारट, कडू यांपेक्षा वेगळी असते. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून तिचं मूळ शोधलं: ग्लुटामेट, म्हणजे प्रथिनांमध्ये असणारा एक घटक. पुढे जिभेवर ते ओळखणारे संवेदकही सापडले, म्हणून ही मूळ चवच मानली जाते.

ओळखायची असेल तर पिकलेल्या टोमॅटोचा बियांभोवतीचा रस चिमूटभर मीठ लावून चाखा. आंबटपणा ओसरल्यावर जे मागे उरतं, ते उमामी. गरापेक्षा बियांभोवतीच्या या रसात ग्लुटामेट जास्त असतं, त्यामुळे रश्श्यासाठी तो काढून टाकू नका. मटण किंवा सुक्या मासळीत इनोसिनेट नावाचा उमामी वाढवणारा पदार्थ असतो. तो टोमॅटोतल्या ग्लुटामेटला भेटला की चव बेरजेपेक्षा कितीतरी वाढते.

मात्र ग्लुटामेट मोकळं असावं लागतं. प्रथिनात अडकलेलं जिभेला कळत नाही, म्हणून प्रथिनं भरपूर असूनही नुसतं वरण तसं लागत नाही.