स्वतः लिहिलेला निबंध यंत्राने लिहिल्यासारखा वाटतो, तो कसा सुधारावा?

प्रश्न: मी नाशिकला एम.ए. करते. कांद्याच्या बाजारावरचा निबंध सगळा माझाच आहे, तरी तपासणीत 'यंत्रलिखित असण्याची शक्यता' असा शेरा आला. सरही म्हणाले, गुळगुळीत वाटतो. काय बदलू?

उत्तर: समानार्थी शब्द बदलत बसू नका. असा शेरा देणारी बरीच सॉफ्टवेअर पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो त्यावरून अंदाज बांधतात. 'अडचणींना' म्हटलं की पुढे 'सामोरे जावे लागते' येणार, हे कोणीही सांगेल. 'अडचणी'च्या 'समस्या' केल्याने तिथे काही हलत नाही.

निबंधाची प्रत काढा. प्रत्येक वाक्यात कांद्याच्या जागी कापूस आणि नाशिकच्या जागी जळगाव घालून वाचा. तरीही वाक्य खरं ठरलं, तर त्याच्यापुढे फुली मारा. उदाहरणार्थ:

'निर्यातबंदीमुळे उत्पादकांना मोठ्या आर्थिक अडचणींना सामोरे जावे लागते.'

फुली. आता याच वाक्याला विचारा: कोणती बंदी, कोणता कांदा, आणि त्यानेच नुकसान का? उत्तरं जोडली की असं काही होईल:

'डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, तेव्हा लासलगावला खरिपाचा लाल कांदा येत होता. तो फार दिवस टिकत नाही, त्यामुळे पडेल त्या भावाला विकणं भाग होतं. हीच बंदी मे महिन्यात आली असती, तर उन्हाळ कांदा चाळीत भरून थांबता आलं असतं. म्हणून मला बंदीइतकीच तिची वेळही मारक वाटते.'

इथे नुसती तारीख आणि गावाचं नाव घालून भागलं नसतं. तारखेवरून कांद्याचा प्रकार ठरतो, प्रकारावरून टिकाऊपणा, आणि त्यावरून तुमचं मत. बरेच जण इथेच चुकतात. आकडे पेरतात, पण ते काढले तरी परिच्छेदाचं काही बिघडत नाही. असा आकडा खुशाल काढून टाका.

या मतावर आक्षेप येईल: चाळीतला कांदाही सडतो, वजनात घटतो, आणि चाळ सगळ्यांकडे नसते. तो लपवू नका. 'ज्याच्याकडे चाळ नाही त्याला मे काय आणि डिसेंबर काय' असं स्वतःच लिहा आणि आपलं मत तेवढ्यापुरतं आवरतं घ्या. गुळगुळीतपणा इथे खरा मोडतो.

सगळ्या फुल्या खोडायच्या नसतात. प्रस्तावनेतली एकदोन सर्वसाधारण वाक्यं चालतात. मुद्दाम शुद्धलेखनाच्या चुका घालणं मात्र निव्वळ वेडेपणा, त्याचे गुण वेगळे जातील.

एवढं करूनही शेरा हटेल याची खात्री नाही, कारण ही सॉफ्टवेअर माणसाच्या लेखनावरही चुकतात. दुरुस्ती गूगल डॉक्समध्ये करा. त्यातल्या Version history मध्ये जुने मसुदे वेळेसकट राहतात. फुल्या मारलेली प्रतही जपून ठेवा आणि सरांना दोन्ही दाखवा.