ऑटोपेचे मँडेट बँकेतूनच रद्द करताना

प्रश्न: मुलीच्या ऑनलाइन क्लासचे पैसे दर महिन्याला खात्यातून आपोआप कापले जातात. अ‍ॅपमध्ये बंद करायचा पर्यायच नाही, मेलला उत्तर येत नाही. डेबिट कार्ड बदलले तरी कापणे थांबले नाही. बँक म्हणते, कंपनीलाच सांगा. आता काय करू?

उत्तर:

कार्ड बदलूनही पैसे जात आहेत, यावरून आपले मँडेट, म्हणजे खात्यातून दरमहा पैसे कापण्यासाठी आपण दिलेली परवानगी, बहुधा ‘नॅच’ या बँकांमधल्या आपोआप वसुलीच्या यंत्रणेतले असावे, आणि तसे असेल तर ते रद्द करण्यासाठी कंपनीच्या संमतीची गरज नाही. मी नाशिकमध्ये लहान दुकानदारांचे हिशेब लिहिण्याचे काम करतो. असे अर्ज मी अनेकांसाठी लिहिले आहेत आणि एकदा घरच्या खात्यासाठीही लिहावा लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सर्वांत आधी पासबुक किंवा बँकेच्या अ‍ॅपमधील खातेउतारा उघडून कपातीची ओळ नीट वाचावी. त्या ओळीत ACH किंवा NACH ही अक्षरे असतील, तर मँडेट थेट आपल्या खाते क्रमांकाशी जोडलेले आहे. नोंदणीच्या वेळी आपण डेबिट कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी दिला असेल, पण तो केवळ खातेदार आपणच आहात हे पटवण्यासाठी घेतलेला असतो. ओळख पटली की कार्डाचे काम संपते आणि पुढची प्रत्येक कपात खाते क्रमांकावरून होते. म्हणूनच कार्ड बंद केल्याने, हरवल्याची तक्रार केल्याने किंवा नवे कार्ड घेतल्याने अशा मँडेटला काहीही होत नाही. ओळीत UPI असेल तर मार्ग वेगळा आणि बराच सोपा आहे. ज्या यूपीआय अ‍ॅपमधून मँडेट दिले त्याच्या ऑटोपे विभागात जावे, संबंधित मँडेट निवडून ते रद्द करावे आणि यूपीआय पिन टाकावा. अ‍ॅप मोबाइलवरून काढून टाकल्याने मात्र मँडेट रद्द होत नाही. कार्डावरचे मँडेट असेल तर कार्ड देणाऱ्या बँकेने ते ऑनलाइन मागे घेण्याची सोय द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि कपातीच्या किमान 24 तास आधी येणाऱ्या सूचनेतही नकार देण्याची सोय असते. आपली अडचण यांपैकी दिसत नाही, म्हणून पुढचे सारे नॅचविषयीच लिहितो.

नॅचमध्ये दोन बँका असतात, एक पैसे मागणाऱ्या कंपनीची आणि दुसरी पैसे देणाऱ्याची, म्हणजे आपली. मँडेट दोन्हीकडे नोंदलेले असते आणि ते दोन्हीकडून रद्द होऊ शकते. काउंटरवरचे कर्मचारी ‘कंपनीलाच सांगा’ असे म्हणतात, त्यात त्यांचा वाईट हेतू असतो असे मला वाटत नाही. रोज येणारे बहुतेक लोक कर्जाच्या हप्त्याबद्दल विचारतात आणि तिथे बँक हात आखडता घेते, तीच सवय सगळीकडे लागते. पण नॅचच्या छापील फॉर्मवर खातेदाराच्या सहीच्या जवळच एक निवेदन असते. त्याचा आशय असा की, हे मँडेट रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार मला आहे आणि त्यासाठी मी संबंधित कंपनीला किंवा जिथून कपात होणार त्या बँकेला कळवू शकतो. यातला ‘किंवा’ हाच शब्द आपल्या कामाचा आहे. कंपनीकडे आधी गेल्याचा पुरावा दाखवा, अशी अट त्या वाक्यात नाही.

आमच्या घरचे उदाहरण सांगतो. पत्नीने इंग्रजी संभाषणाचा एक ऑनलाइन वर्ग लावला होता. शुल्क दरमहा 1,499 रुपये आणि कपातीची तारीख 7 होती. तीन महिन्यांनी तिने वर्ग सोडला, तेव्हा अ‍ॅपमधले सबस्क्रिप्शनचे पान पांढरेच उघडत होते, त्यावर एक अक्षरही दिसत नव्हते. आम्ही आधी डेबिट कार्ड बदलले. तरीही 7 तारखेला पैसे गेले. पुढच्या महिन्यात आम्ही खात्यातली शिल्लक काढून ठेवली, आणि ती आमची खरी चूक ठरली. 7 तारखेला मागणी परत गेली म्हणून बँकेने 250 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे 295 रुपये आकारले. कंपनीने 10 तारखेला पुन्हा मागणी पाठवली, तीही परत गेली आणि आणखी 295 रुपये गेले. वर्ग बंद असताना चार दिवसांत 590 रुपये दंडात गेले, आणि हा दंड बँकेच्या दरपत्रकाप्रमाणेच असल्यामुळे तो परत मागण्याला काही आधारही नव्हता. खाते रिकामे ठेवणे म्हणजे मँडेट रद्द करणे नव्हे. मागणी येतच राहते आणि प्रत्येक वेळी आपणच भरतो.

त्यानंतर मी पत्नीबरोबर कॅनडा कॉर्नरजवळच्या शाखेत गेलो. खाते तिच्या नावावर असल्याने अर्जावर तिचीच सही आवश्यक होती. जाण्यापूर्वी नेट बँकिंगमध्ये मँडेटची यादी उघडून तिथला UMRN लिहून घेतला होता. हा अक्षरे आणि आकडे मिळून वीस खुणांचा क्रमांक असतो आणि प्रत्येक नॅच मँडेटला स्वतंत्र मिळतो. शाखेतल्या माणसाला कंपनीच्या नावावरून शोध घेणे जड जाते, कारण उताऱ्यावर बहुधा क्लासचे नाव नसून त्यांच्या वतीने वसुली करणाऱ्या मध्यस्थ कंपनीचे नाव छापलेले असते. क्रमांक हाती असेल तर वादाला जागा उरत नाही. नेट बँकिंगमध्ये यादी सापडली नाही तर नोंदणीच्या वेळी आलेला मेल किंवा संदेश शोधावा, आणि तोही नसेल तर शाखेकडूनच आपल्या खात्यावरच्या चालू मँडेटची यादी मागून घ्यावी. त्या यादीत रकमेचा रकाना पाहून दचकू नये; आमच्या मँडेटमध्ये कमाल रक्कम 5,000 रुपये लिहिलेली होती. मँडेटवर अनेकदा प्रत्यक्ष शुल्क नव्हे, तर एका वेळी जास्तीत जास्त किती कापता येईल ती मर्यादा असते. ती वाचल्यावर मला या कामाची घाई जास्तच वाटू लागली.

अर्ज आम्ही साध्या कागदावर असा लिहिला:

‘माझ्या बचत खाते क्रमांक … वरील नॅच मँडेट, UMRN …, कमाल रक्कम 5,000 रुपये, मी या अर्जाद्वारे कायमचे रद्द करत आहे. केवळ एका हप्त्याचे देणे थांबवण्याची ही विनंती नसून संपूर्ण मँडेट रद्द करण्याची आहे. अर्ज मिळाल्यानंतर या मँडेटवर कोणतीही रक्कम कापू नये व मँडेट रद्द झाल्याचे मला लेखी कळवावे.’

यातले दुसरे वाक्य मुद्दाम घातले आहे. ‘स्टॉप पेमेंट’ म्हणजे एका हप्त्यापुरती अडवणूक. पुढच्या महिन्यात मँडेट पुन्हा जिवंत असते, शिवाय अशा अडवणुकीचे शुल्कही काही बँका घेतात. काउंटरवर घाईत ‘स्टॉप’चा अर्ज पुढे केला जातो आणि आपण सही करून मोकळे होतो, असे मी दोन ग्राहकांच्या बाबतीत पाहिले आहे. आपल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय शाखेतून निघू नये. शाखा अर्जच घेत नसेल, तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार विभागाला ई-मेलने पाठवून तक्रार क्रमांक मिळवावा. त्याचेही महत्त्व पोचपावतीइतकेच आहे.

आम्ही अर्ज 22 तारखेला दिला. 26 तारखेला नेट बँकिंगमध्ये त्या मँडेटसमोर ‘Cancelled’ असे दिसू लागले आणि पुढच्या 7 तारखेला काहीच कापले गेले नाही. कपातीच्या आदल्या दिवशी अर्ज दिला तर ती एक कपात होऊन जाण्याची शक्यता असते, म्हणून मी लोकांना किमान आठवडाभर आधी जायला सांगतो.

रद्द झाले की नाही हे संदेशावरून नव्हे तर दोन ठिकाणी पाहून ठरवावे: मँडेटच्या यादीतली स्थिती आणि पुढच्या तारखेचा उतारा. उताऱ्यात कपात नसली तरी ‘रिटर्न चार्ज’ दिसला, तर मँडेट अजून चालू आहे आणि मागणी शिल्लक अपुरी म्हणून परत गेली आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा वेळी बँकेकडून मागणी परत जाण्याचे कारण लेखी मागावे. मँडेट रद्द झाल्याचे यादीत दिसूनही पैसे कापले गेले, तर ती चूक आता कंपनीची राहत नाही, आपल्या बँकेची होते. शिक्क्याची प्रत जोडून रक्कम परत मागावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणे आवश्यक आहे आणि म्हणूनच त्या शिक्क्यावर मी एवढा भर देत आहे.

मँडेट रद्द करणे म्हणजे पैसे जाण्याची वाट बंद करणे. कंपनीशी झालेला करार त्याने संपत नाही. आपण वर्षभराचे शुल्क हप्त्यांनी द्यायचे कबूल केले असेल, तर उरलेली रक्कम कंपनी वेगळ्या मार्गाने मागू शकते. म्हणून बँकेत अर्ज देण्याच्याच दिवशी क्लासला एक मेल पाठवावा, त्यात अमुक तारखेपासून सेवा नको आहे असे स्पष्ट लिहावे आणि उत्तर येवो न येवो, पाठवलेला मेल जपून ठेवावा. सबस्क्रिप्शन बंद करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे हा 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकांची दिशाभूल करणारा प्रकार मानला जातो, त्यामुळे कंपनी अडून बसली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येईल.

आणखी एक गोष्ट आधी तपासावी, कारण शैक्षणिक अ‍ॅपच्या बाबतीत ती नेहमी आढळते. क्लासची फी ‘सोपे हप्ते’ म्हणून घेतली असेल, तर कागदोपत्री ते एखाद्या वित्तसंस्थेचे आपल्या नावावरचे कर्ज असू शकते. नोंदणीच्या वेळचा मेल उघडून त्यात कर्ज करार किंवा कर्ज खाते क्रमांक आहे का ते पाहावे. असेल तर वर सांगितलेला अर्ज देऊ नये. हप्ता थकल्याची नोंद पतइतिहासात होते, आणि अपुऱ्या शिलकीमुळे कर्जाची कपात परत गेली तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली धनादेश न वटल्यासारखाच फौजदारी खटला होऊ शकतो. तिथे आधी क्लासकडून प्रवेश रद्द झाल्याचे आणि वित्तसंस्थेकडून कर्ज बंद झाल्याचे पत्र घ्यावे आणि बँकेत त्यानंतर जावे. मेलमध्ये कर्जाचा उल्लेख कुठेच नसेल, तर आपल्याला थांबण्याचे कारण नाही. UMRN शोधून पुढच्या कपातीच्या आठवडाभर आधी शाखेत अर्ज द्यावा.